किल्ली साड्यांच्या घडीत ठेवणाऱ्यांसाठी

गावचं घर बंद करून आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक स्टीलचा डबा आला. पाटल्या, बोरमाळ, ठुशी, तन्मणी, नथ. डबा माझ्या कपाटात गेला आणि माझी झोप उडाली. विमा काढायचा का, यावर घरात पंधरा दिवस वाद चालला. आता माझं मत पक्कं झालंय, म्हणून लिहितेय.

एजंटचं म्हणणं एकच, "ताई, घराचा विमा आहे ना? दागिने त्यातच टाका." आमच्याकडे ‘भारत गृह रक्षा’ आहे. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी ही ठरावीक पॉलिसी. त्यात दागिने वेगळे कव्हर म्हणून घालता येतात, हे खरं. पण मी कागद वाचायला बसले आणि चोरीच्या ओळीवर अडकले. आग, पूर, भूकंप असं काही घडलं आणि त्यामुळे सात दिवसांत चोरी झाली, तर भरपाई. एरवी दुपारी कोणी कुलूप तोडून डबा नेला, तर या मूळ पॉलिसीत काहीच नाही! त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आपल्याला भीती कशाची असते? पुराची की चोराची?

घरफोडीच्या कव्हरमध्येही मेख आहे. साधारणपणे कुलूप, कडी, खिडकी तोडल्याची खूण लागते. घरात कामाला येणाऱ्याने उचललं तर बहुतेक ठिकाणी हात वर. आणि एक कलम तर जणू आमच्यासाठीच लिहिलेलं: तिजोरी तिच्याच किल्लीने उघडून माल नेला, तर दावा नाही, किल्ली मारहाण करून किंवा धमकावून घेतली असेल तरच. आमची किल्ली कुठे असायची? पैठणीच्या घडीत. अर्ध्या महाराष्ट्राची तिथेच असते, आणि चोर साड्याच आधी उपसतात.

आता कागदांचं. भारत गृह रक्षामध्ये दागिन्यांची एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक दागिना एक लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. ऐकायला बरं, पण आजच्या भावात एका तोळ्याच्या दागिन्यालाच ती लाखाची रेघ आड येते. म्हणजे दाखला आलाच. ओळखीच्या सराफाने कॅशमेमोच्या पाठीवर लिहून दिलेलं चालत नाही, सरकारमान्य व्हॅल्युअर लागतो.

ते काका आमच्या टेबलावर तासभर बसले. प्रत्येक दागिन्याचा फोटो, एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता, खड्यांचं वजन वेगळं. बोरमाळ काट्यावर २८ ग्रॅम भरली, आईचा चेहरा फुलला. काका म्हणाले, "वहिनी, मण्यांत लाखेचं भरण आहे. सोनं २१ धरू." आईने दोन दिवस त्यांना नावं ठेवली. पण २८ ग्रॅमच्या हिशेबाने हप्ता भरला असता आणि दाव्याच्या वेळी २१ चेच मिळाले असते. घडणावळ तर बऱ्याच पॉलिसींत धरतच नाहीत. नव्या दागिन्यांवर हॉलमार्कचा सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो दाखल्यात लिहून घ्या. आईच्या दागिन्यांना ना पावती ना हॉलमार्क, त्यांना हा दाखला हाच आधार.

भाव वाढला की रक्कमही वाढवून घ्या. काही पॉलिसींत कमी विम्याचं गणित लागतं: दागिने १८ लाखांचे, विमा नऊचा, चोरी चार लाखांची, तर हातात दोनच.

मग आम्ही काय केलं? सगळ्याचा विमा काढला नाही. तन्मणी आणि पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या. तिथेही भाबडेपणा नको, बँक आतल्या मालाचा विमा उतरवत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं तीन हजार, तर तीन लाख. तरी घरापेक्षा बरं. घरी राहणाऱ्या ठुशी, नथ, बोरमाळेपुरतं घरफोडीचं कव्हर घेतलं.

तिजोरी छोटी आहे, पण भिंतीला आतून बोल्टने आवळलेली. नुसती कपाटात ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला उचलायला सोपा डबा. आत प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलच्या कापडात, कारण हिऱ्याची कुडी शेजारच्या सोन्यावर चरे पाडते. नथीचे मोती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत. दाखल्याची प्रत आणि फोटो तिजोरीत नाहीत, बहिणीकडे आणि ईमेलवर.

किल्ली आता माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये असते. आई रोज दुपारी फोन करते, "जेवलीस का?" आणि लगेच, हळूच, "आहे ना गं?"