‘क’वर अडखळणारी मुले आणि जबरदस्तीची मिठी

आज सकाळी भाचीला आणायला मंगळवार पेठेतल्या एका उन्हाळी वर्गावर गेले होते आणि तिथे जे पाहिले त्याने अजून डोके शांत झालेले नाही. विषय होता वर्गातली चिडवाचिडवी आणि दादागिरी. छोटे नाटुकले बसवायचे म्हणून ताईंनी बोलताना अडखळणाऱ्या मुलालाच पुढे बोलावले, त्याला चिडवल्या जाणाऱ्या मुलाची भूमिका दिली आणि चिडवणाऱ्याची भूमिका सगळ्यांत दांडगट मुलाला. त्याने हुबेहूब नक्कल केली, हशा पिकला आणि शेवटी ताई म्हणाल्या, "आता मिठी मारा आणि म्हण, मी तुला माफ केलं." ती मिठी होताना त्या मुलाचे हात अंगालगत होते आणि मुठी घट्ट वळलेल्या होत्या.

अहो, हा धडा नव्हे! रोजचाच छळ आज बाईंच्या परवानगीने आणि टाळ्यांच्या साथीने झाला.

पाचवीत असताना मीही ‘क’वर अडखळत असे. भूगोलाचा धडा वाचताना ‘कोल्हापूर’ या शब्दावर थांबले आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिघीजणी "क-क-कोल्हापूर" म्हणत माझ्यामागे फिरू लागल्या. बाकीच्या मुली वाईट नव्हत्या, त्या फक्त हसायच्या. एके दिवशी शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिच्याशी माझे कधी बोलणेही झाले नव्हते, त्यांच्याकडे न बघता माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चल की, नळावर पाणी पिऊन येऊ." बस, एवढेच.

नाटुकल्यात सराव करायचा तो या वाक्याचा. रडण्याचा सराव लागत नाही आणि चिडवण्याचा तर मुळीच द्यायचा नसतो. म्हणून दादागिरी करणाऱ्याची भूमिका नेहमी मोठ्या माणसाने करावी, प्रसंग वर्गात खरोखर घडलेला नसावा आणि जो मुलगा खरेच सोसतो आहे त्याला त्या जागी कधीही उभे करू नये. प्रसंग अर्ध्या मिनिटाचा पुरतो. समजा, शाळेच्या व्हॅनमध्ये रिकाम्या जागेवर दप्तर ठेवून "ही जागा धरलीय" असे एकजण म्हणतो. इथे ताईंनी टाळी वाजवून प्रसंग थांबवावा आणि बघणाऱ्या मुलांना एकेक करून आत सोडावे. कोणी म्हणेल, "ये, माझ्याजवळ सरकून बस." कोणी काहीच बोलणार नाही, पण हसणार नाही, आणि तेही मोजावे. प्रत्येक मुलाला स्वतःच्या तोंडात बसणारे वाक्य सापडेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा करावा, कारण ऐन वेळी उपदेश आठवत नाही, तोंडात बसलेले वाक्य तेवढे आठवते.

मारामारी चालू असेल तर लहान मुलाने मध्ये पडू नये, हे मलाही मान्य आहे. तिथे धावत जाऊन मोठ्यांना सांगायचे. त्याला चहाडी म्हणत नाहीत हेही त्यांना शिकवावे लागते: कुणाला अडकवण्यासाठी सांगितले तर ती चहाडी, कुणाला सोडवण्यासाठी सांगितले तर ती मदत.

आता त्या मिठीविषयी. ताईंचा हेतू चांगला होता, एवढे कबूल करते. पण दोन मित्रांचे भांडण वेगळे आणि एकाने दुसऱ्याला रोज दाबणे वेगळे. भांडणात दोघांना समोरासमोर बसवता येते. इथे तसे बसवले की कमजोर मूल घाबरून हो म्हणते आणि आपण त्याला क्षमा समजतो. क्षमेचाही प्रसंग करावा, पण त्यात आधी माफी नीट मागायला शिकवावी. "चुकलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. "मी तुझी नक्कल केली, सगळे हसले, पुन्हा करणार नाही," असे केलेल्या गोष्टीचे नाव घेऊन म्हणायला लावावे. आणि ऐकणाऱ्या मुलाला दोन्ही उत्तरांचा सराव द्यावा, "ठीक आहे" याचा आणि "मी ऐकलं, पण मला अजून वाईट वाटतंय" याचाही. दुसरे उत्तर देणाऱ्या मुलाला कुणी हट्टी म्हणता कामा नये.

त्या तिघींपैकी एकीने दहावीच्या निरोप समारंभात माझी माफी मागितली होती. मी काहीच बोलले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी ती महाद्वार रोडवर भेटली, लेकीचा हात धरून उभी होती, आणि माझ्या मनात काही उरलेले नाही हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. निरोप समारंभात कुणी मिठी मारायला लावली असती तर मी आजही मुठी वळूनच उभी राहिले असते.

मघाशी ताईंना फोन केला. आधी त्या दुखावल्या, मग बराच वेळ गप्प होत्या. रविवारी अर्धा तास देते म्हणाल्या. व्हॅनचा प्रसंग घ्यायचा आहे आणि दप्तर ठेवून जागा अडवणारा एक मोठा माणूस हवा आहे. कुणाला जमत असेल तर सांगा. त्या मुलाला मी बघणाऱ्यांत बसवणार आहे.