बाहीतला खंजीर आणि झेंड्याचा सॅल्यूट

"हात मिळवून हलवतात, कारण समोरच्याच्या बाहीत लपवलेला खंजीर खाली पडावा. सॅल्यूट म्हणजे युरोपातल्या सरदारांनी शिरस्त्राणाची झडप वर करून चेहरा दाखवणं. वायुसेनेचा हात ४५ अंशात, कारण विमान तसं झेपावतं. दोन्हींचा अर्थ एकच: मी निःशस्त्र आहे. म्हणून झेंड्याला सॅल्यूट न करणारा नागरिक देशाचा अपमान करतो. सर्वांना पाठवा!"

पाठवलंच आहे सर्वांनी. आता सोसायटीच्या ग्रुपवर ध्वजवंदनाला कोण हात वर करत नाही यावर लक्ष ठेवायची भाषा सुरू झाली आहे, म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू.

भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये सलामीवर स्पष्ट लिहिलं आहे. झेंडा चढताना किंवा उतरताना हजर असलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. गणवेशात असतील त्यांनी सॅल्यूट करायचा. साध्या कपड्यातला माणूस सावधान उभा आहे म्हणजे त्याचं काही चुकलेलं नाही. २६ जानेवारी २०१५ च्या संचलनात तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हात खाली ठेवून सावधान उभे होते. शेजारच्यांचे हात वर असलेला फोटो फिरला आणि त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. त्यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला: सलामी प्रमुख मान्यवर, म्हणजे त्या दिवशी राष्ट्रपती, घेतात, गणवेशधारी सॅल्यूट करतात, बाकीचे सावधान. नियम पाळणाऱ्यालाच शिव्या, असा तो प्रकार.

याच संहितेत पुढे आणखी एक वाक्य आहे: मान्यवर व्यक्ती डोक्यावर काही नसतानाही सलामी घेऊ शकते. अशी मुभा वेगळी का लिहावी लागली? कारण सॅल्यूटचं मूळ नातं टोपीशी आहे. झडपेच्या गोष्टीला आधार देणारा कागद कोणी दाखवत नाही. उलट ब्रिटिश सैन्यातल्या कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा १७४५ चा हुकूम उपलब्ध आहे: अधिकारी समोरून गेला तर टोपी काढू नका, फक्त हात टोपीला लावा आणि किंचित झुका. म्हणजे त्याआधी शिपाई वरिष्ठासमोर टोपी उतरवत होते, आणि त्या कृतीचा अर्धा भाग तेवढा उरला. झडपेची शिरस्त्राणं तोवर केव्हाच मागे पडली होती. आपल्या लष्करात आजही उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत, सावधान होतात, तेही याच परंपरेतून.

आणि तो 'नमस्कार'सारखा सहज नसतो. एनसीसीत शिकलेल्यांना आठवेल: उजवा हात बाजूने खांद्याच्या रेषेत वर, मग कोपरात वाकवून तळवा समोर, बोटं जुळलेली, तर्जनी उजव्या भुवईच्या साधारण इंचभर वर. खाली येताना मात्र सगळ्यात जवळच्या वाटेने. नवख्याचं कोपर पुढे झुकतं, तळवा जमिनीकडे वळतो, नाहीतर हाताला भेटायला डोकंच खाली येतं. कनिष्ठाने आधी करायचा, वरिष्ठाने परत द्यायचा, कारण मान हुद्द्याला असतो. रामराम कोणीही कोणालाही आधी करतो, तिथे हुद्दा विचारत नाहीत.

आता खंजीर. मध्ययुगाच्या कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात, अश्शूरचा राजा तिसरा शाल्मनेसर आणि बॅबिलोनचा राजा हातात हात देऊन उभे असलेले निमरूद या अश्शूरी शहरात सापडलेल्या सिंहासनाच्या चौथऱ्यावर कोरलेले आहेत. तो दोन राजांमधला करार आहे. ग्रीकांच्या थडग्यांवर मृत माणूस घरच्यांचा उजवा हात धरतो. रोमन शिल्पांत नवरा-नवरी तसाच हात धरतात. मेलेल्याच्या बाहीत कोणता खंजीर, आणि नवरी मांडवात झडती देते का? हात देणं म्हणजे वचन देणं, असा सरळ अर्थ आहे. मराठीत आपण 'हस्तांदोलन' म्हणतो खरं, पण या जुन्या चित्रांत दिसतं ते हात धरणं. आंदोलनाचा तिथे पत्ता नाही. ओळखीपाळखीत सर्रास हात मिळवण्याची चाल बरीच अलीकडची. सतराव्या शतकात इंग्लंडमधले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक टोपी काढून झुकायला नकार देत, माणसं सगळी सारखी म्हणून. ते त्याऐवजी हात पुढे करत. एकाच टोपीवरून सैन्यात सॅल्यूट आला आणि त्यांच्यात हात मिळवणं, ही गंमत फॉरवर्डवाल्यांना सुचायला हवी होती.

एक गोष्ट मान्य करावी लागते. 'मी निःशस्त्र आहे' हा अर्थ अगदीच हवेतला नाही, फक्त चुकीच्या जागी चिकटवला आहे. तो तोफांच्या सलामीत आहे. तोंडाकडून भरायच्या जुन्या तोफा एकदा उडवल्या की पुन्हा भरायला वेळ लागे, म्हणून बंदरात शिरताना जहाजाने त्या रिकाम्या केल्या की किनाऱ्यावरच्यांना भरवसा वाटे.

राहिलं वायुसेनेचं. मार्च २००६ पर्यंत तिचा सॅल्यूट भूदलासारखाच होता, तळवा समोर. तेव्हा तो बदलून तळवा जमिनीशी ४५ अंशात आणि हात समोरून, जवळच्या वाटेने वर, असा केला. विमानं त्याआधीही झेपावत होतीच.