बाई पासवर्ड विसरल्या, हिशेब नाही

आज संध्याकाळी जिन्यातच आवाज ऐकू आला. "मावशी, एवढं साधं लक्षात राहत नाही का तुमच्या?" बाईंचा भाचा. बाई 73 वर्षांच्या. साताऱ्यातल्या मुलींच्या हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांना हे असं, दार उघडं टाकून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायचं? तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

आधी बाईंना पेन्शनचं पोर्टल उघडायचं का होतं ते सांगतो, कारण भाच्याने ते विचारलंसुद्धा नव्हतं. बाई 31 मे 2010 ला निवृत्त झाल्या. त्या वेळी त्यांनी पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे अंशराशीकरण केलं होतं. एकरकमी पैसे घ्यायचे आणि त्याबदल्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम कापून द्यायची. बाईंची कपात 2,840 रुपये. ती पंधरा वर्षं चालते आणि मग थांबून पूर्ण पेन्शन सुरू होते. पंधरा वर्षं मोजायची ती कपात सुरू झाल्यापासून. बाईंची निवृत्तीबरोबरच सुरू झाली, म्हणजे मे 2025 ला संपली. जूनपासून हातात जास्त यायला हवेत. आले नाहीत, असा बाईंना संशय. पण बँकेच्या पासबुकात पेन्शनचा एकच आकडा छापून येतो. मूळ किती, महागाई किती, कापलं किती, हे तिथे कळत नाही. ते कळतं पेन्शन स्लिपवर, आणि स्लिप पोर्टलवर. हा बाईंचा विचार. एवढा नीट विचार करणाऱ्या बाईला लक्षात राहत नाही म्हणायचं!

पासवर्ड त्या विसरल्या होत्या, हे खरं. पण वहीत लिहून ठेवला होता. भाच्याने वही हिसकावल्यासारखी घेतली, फटाफट टाइप केलं, चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा खातं लॉक. मग "तुम्हीच चुकीचा लिहिलाय" म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

समोरच्या घरातल्या वहिनी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर बसतात. दुकानातून येऊन हातपाय धुतले, आणि चहासुद्धा न घेता बाईंकडे आल्या. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावणारी बाई ती. वही बघून म्हणाल्या, "बाई, हे आकडे मराठी आहेत ना?"

होते. शेवटी १४ लिहिलं होतं, मराठी चौदा. भाच्याने १ ला नऊ वाचलं आणि ४ ला आठ. टाइप केलं 98. बाईंची वही बरोबर होती हो! आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांचे आईबाप आकडे मराठीतच लिहितात, आणि हाताने काढलेला १ इंग्रजी नऊसारखाच दिसतो. स्क्रीनवर तर नुसते टिंब दिसतात, चूक कुठे झाली ते कळणार कसं? पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की अक्षरं दिसतात. एवढंसुद्धा दाबलं नव्हतं.

पण खातं लॉक झालेलं, त्यामुळे पासवर्ड नवाच करायला लागणार होता. ओटीपी जाणार नोंदवलेल्या नंबरवर, आणि नोंदवलेला नंबर सरांचा, म्हणजे बाईंच्या यजमानांचा. सर जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा बटणांचा फोन बाईंनी कपाटात जपून ठेवलाय. नशिबाने त्या त्याला रिचार्ज मारत आल्यात. रिचार्ज न करता नंबर महिनोन् महिने पडून राहिला की तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग घरबसल्या काही होत नाही, नंबर बदलायचा अर्ज घेऊन कोषागारात जावं लागतं.

फोन चार्जिंगला लावला. ओटीपी मागवला, येईना. बाई म्हणाल्या, पुन्हा मागव. वहिनींनी थांबवलं. इनबॉक्स उघडला तर तो गच्च भरलेला. जुन्या फोनमध्ये मेसेजची जागा भरली की नवा मेसेज आत येतच नाही. पण त्यात सरांचे मेसेज होते. वहिनींनी ते एकेक वाचून दाखवले, आणि बाई सांगत गेल्या, हा ठेव, हा काढ. कंपनीच्या जाहिरातीच तेवढ्या काढल्या. वीस मिनिटं गेली असतील. मी दारात उभा होतो, मला आत जाववलं नाही.

जागा झाली आणि अडकलेला ओटीपी आला, पण त्याची मुदत संपली होती. वहिनींनी नवीन मागवला. दोन आले तर शेवटचाच चालतो, जुना घातला की चुकीचा म्हणून नाकारतात.

त्याआधी मात्र त्यांनी नवा पासवर्ड कागदावर करायला लावला. घरातल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वस्तू, मध्ये आकडे, एक चिन्ह. `Tulas47#pankha` अशा धर्तीचा, खरा वेगळा आहे. मग स्वतःलाच पाठवायच्या मेसेजमध्ये बाईंनी तो तीनदा टाइप करून खोडला. # कुठे असतं ते बाईंना माहीत नव्हतं; कीबोर्डवर खाली डावीकडे `?123` दाबलं की सापडतं. ही तालीम आधीच करायची, कारण पानावर बसून अक्षरं शोधत राहिलं की मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून. आणि फोन शेवटपर्यंत बाईंच्याच हातात! वहिनींनी एकदाही घेतला नाही.

मान्य, भाचा नोकरी करून दमून येतो, त्याचंही वय लहान, जीव आहे त्याचा मावशीवर. असेल. दमून तर वहिनीही आल्या होत्या.

नवा पासवर्ड झाला आणि तरी लॉगिन होईना. बाईंचा चेहरा पडला. "माझंच चुकत असेल गं." हे वाक्य ऐकून मला त्या भाच्याचा पुन्हा राग आला. चूक बाईंची नव्हतीच. भाच्याने टाइप करताना ब्राउझरला पासवर्ड सेव्ह करायला हो म्हटलं होतं, त्यामुळे तो 98 वाला चुकीचा पासवर्ड चौकटीत आपोआप येऊन बसत होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड असतात, तिथून तो काढून टाकला आणि बाईंनी हाताने नवा टाइप केला. उघडलं.

वहीत पासवर्ड लिहू नये म्हणतात. लिहून ती वही फोनच्या कव्हरमध्ये खोचणार असाल तर बरोबर आहे. पण घरच्या कपाटातल्या वहीला मी तरी नावं ठेवणार नाही. म्हाताऱ्या माणसांना लुटतात ते फोन करून गोड बोलून ओटीपी विचारणारे. वहिनींनी बाईंना तेच बजावलं, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. आणि खरंच, ओटीपी आला तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

जूनची स्लिप उघडली. कपातीच्या रकान्यात 2,840. जुलै, तेच. ऑगस्ट, तेच. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि कागद न घेता म्हणाल्या, "आठ हजार पाचशे वीस."

उद्या कोषागारात अर्ज द्यायचा आहे. पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, म्हणजे पीपीओची झेरॉक्स, तिन्ही स्लिपा आणि पासबुकाचं पहिलं पान काढून ठेवलंय. वहिनींची दुपारची पाळी आहे, त्या सकाळी बाईंबरोबर जाणार आहेत. वहीत नवा पासवर्ड लिहिताना बाईंनी आकडे इंग्रजीत काढले आणि शेजारी कंसात अक्षरी लिहिले, चेकवर लिहितात तसे.

भाचा मघाशी पुन्हा येऊन गेला. बाईंनी त्याला चहा दिला आणि वही उघडून तो १ दाखवला. "वाच बरं," म्हणाल्या.