रिव्हिजनसोबतचं पत्र: रिव्ह्यूअरला 'नाही' कसं म्हणायचं

"रिव्हिजन पाठवताना एडिटरला दोन ओळी पुरतात, ते पत्र कोणी वाचत नाही. रिव्ह्यूअर सांगेल ते सगळं करून टाका, वाद घातला की पेपर रिजेक्ट. उत्तरांत 'सूचनेप्रमाणे बदल केला' लिहा आणि मोकळे व्हा."

पीएचडीच्या मुलांना हा सल्ला सगळीकडून मिळतो, आणि त्यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

आधी पत्राचं बघू. सुधारलेला पेपर पुन्हा रिव्ह्यूअरांकडे धाडायचा की स्वतःच निर्णय द्यायचा, हे एडिटर ठरवतो. सुधारणा किरकोळ असतील तर पुष्कळदा तो स्वतःच निकाल देतो. काय बदललं, काय बदललं नाही आणि का, हे त्याला पत्रातून दोन मिनिटांत कळलं पाहिजे. शिवाय बहुतेक जर्नलांत हे पत्र फक्त एडिटरला दिसतं आणि मुद्देसूद उत्तरांची फाईल रिव्ह्यूअरांना जाते. त्यामुळे काही गोष्टींची जागा पत्रातच असते. समजा, एका रिव्ह्यूअरने एकाच लेखकाचे पाच पेपर उद्धृत करायला सांगितले आणि त्यातले चार तुमच्या विषयाशी लांबूनही जुळत नाहीत. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं रिव्ह्यूअरांना स्वच्छ सांगतात की केवळ उद्धरणांची संख्या वाढवण्यासाठी स्वतःचे पेपर सुचवू नयेत. पण हे रिव्ह्यूअरला ऐकवायचं नाही. उत्तरांत 'एक संदर्भ घेतला, बाकीचे या प्रश्नाशी संबंधित वाटले नाहीत' एवढंच लिहा. शंका मांडायची ती एडिटरच्या पत्रात, आरोप न करता.

दुसरं, वाद घालण्याचं. एक उदाहरण घेतो. धरा, पेपर गरोदर महिलांच्या हिमोग्लोबिनवर आहे. दोन गटांतला फरक डेसिलिटरला ०.३ ग्रॅम आला आणि ९५ टक्के विश्वास-अंतर उणे ०.१ ते ०.७. फरक सांख्यिकीय दृष्ट्या सिद्ध होत नाही. रिव्ह्यूअर दोन म्हणतो, "आलेल्या फरकावरून अभ्यासाची पॉवर काढून द्या." पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो अभ्यासात सापडण्याची शक्यता. घाबरून मुलं आकडा काढून देतात. पण अशी मागाहून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असतं. पी ०.०५ असेल तर ती साधारण ५० टक्के येते आणि पी वाढला की घटते. नवी माहिती काहीच मिळत नाही. हॉनिग आणि हायझी या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हे नीट दाखवून दिलं आहे. इथे मान डोलावली तर पेपरात चुकीचं विश्लेषण तुमच्या नावावर छापलं जातं.

मात्र रिव्ह्यूअरच्या मनातली शंका खरी आहे: नमुना लहान पडला का? त्या शंकेला उत्तर द्या. "नमुना-संख्येबद्दलची आपली काळजी रास्त आहे. मागाहून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूपलीकडे काही सांगत नाही, म्हणून ती दिलेली नाही. त्याऐवजी अभ्यासापूर्वी केलेलं नमुना-गणित पद्धतीत घातलं आहे, आणि ०.७ ग्रॅमपर्यंतचा फरक हा अभ्यास नाकारू शकत नाही, हे चर्चेत लिहिलं आहे." नकार आहे, पण पेपर दोन ठिकाणी सुधारलाही आहे. अशा नकाराने पेपर जातो हे मला मान्य नाही. धोका असतो तो मुद्दा गुपचूप गाळण्यात.

एडिटरच्या पत्रात हे दोन-चार वाक्यांत यावं. मराठीत सांगायचं तर असं: "रिव्ह्यूअर दोन यांचा मुद्दा ४ वगळता सर्व सूचना अमलात आणल्या आहेत, तो मुद्दा न स्वीकारण्याचं कारण उत्तरांत दिलं आहे. तक्ता ३ रिव्ह्यूअर एक यांना नको आहे, दोन यांना तो वाढवून हवा आहे. आम्ही तो विस्तारून पुरवणीत नेला आहे. आपलं मत वेगळं असल्यास बदलू." रिव्ह्यूअरांत असा पेच पडला की निवाडा एडिटरचाच, आणि तो मागायला संकोच नको.

राहिलं 'सूचनेप्रमाणे बदल केला'. हे वाचून रिव्ह्यूअरला अख्खा पेपर उपसावा लागतो. त्याचा मुद्दा जसाच्या तसा ठेवा, खाली उत्तर, आणि त्याखाली बदललेलं वाक्यच उतरवून द्या. पान आणि ओळ सांगताना एक घोळ हमखास होतो: ट्रॅक चेंजेसच्या फाईलमध्ये खोडलेला मजकूरही जागा घेतो, म्हणून तिथली २१४वी ओळ स्वच्छ प्रतीत १९८वी असू शकते. कोणत्या फाईलमधले क्रमांक आहेत, ते उत्तरांच्या सुरुवातीलाच लिहा, आणि क्रमांक शेवटची दुरुस्ती झाल्यावरच भरा. रिव्ह्यू दुहेरी-अनामिक असेल तर आणखी एक बघा: ट्रॅक चेंजेसच्या प्रत्येक खुणेवर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव असतं. गाईडने कॉमेंट टाकली असेल तर त्यांचं नाव थेट रिव्ह्यूअरपर्यंत जातं.