व्हीएआर शून्य म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा:

«गुंतवणूकदारांनो, जोखीम मोजायला व्हीएआर पुरेसा आहे. १) ज्या बॉण्डचा 95% व्हीएआर शून्य, तो जवळजवळ बिनधोक. २) पैसे दोन ठिकाणी विभागले आणि व्हीएआर वाढला, तर विभागणी चुकली, एकाच ठिकाणी ठेवा. ३) एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल म्हणजे तोच व्हीएआर, फक्त वरच्या टक्क्याचा. ४) शॉर्टफॉलची पडताळणीच करता येत नाही, हे सिद्ध झालंय. पुढे पाठवा.»

हे मला मामाने पाठवलं. सोबत एक ओळ: "अगं, मग ते चार लाख एकाच बॉण्डात टाकतो, बरं का." मामा निवृत्त आहे. सेबीने खासगी बॉण्डांचं किमान दर्शनी मूल्य 10 लाखांवरून आधी 1 लाख आणि मग 10 हजारांवर आणल्यापासून त्याला या बाजाराची गोडी लागली आहे. मी अकरा वर्षं जोखीम विभागात हेच आकडे काढते. त्यामुळे आधी त्याला फोन केला आणि मग हे लिहायला बसले.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. व्हीएआर म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क. 95% व्हीएआर ही अशी सर्वांत लहान रक्कम, की तिच्याहून जास्त तोटा होण्याची शक्यता 5 टक्के किंवा त्याहून कमी. बॉण्ड बुडण्याची शक्यता वर्षाला 4 टक्के असेल, तर 96 टक्के वेळा तोटा शून्य. 96 हे 95 पेक्षा मोठे, म्हणून व्हीएआर शून्य. बुडाल्यावर किती जातील, रुपयातले दहा पैसे की अख्खा रुपया, हे या मोजमापाने विचारलेलंच नाही. उंबऱ्यापलीकडे काय आहे ते न बघता घर रिकामं आहे म्हणून सांगायचं, तसलं हे.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या मुद्द्याने, कारण त्यातली आकडेमोड खरी आहे आणि निष्कर्ष मात्र माणसाला खड्ड्यात घालणारा. ती सावकाश करून बघू.

दोन बॉण्ड घ्या, प्रत्येकी 1 लाखाचे. प्रत्येक बुडण्याची शक्यता 4 टक्के, बुडाला तर पूर्ण लाख जातो. व्याज सोडून देऊ. एक बुडण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं धरू. आता अशा वर्षाच्या 10,000 शक्यता एका शीटमध्ये ओळीने मांडल्यात अशी कल्पना करा. 16 ओळींत दोन्ही बॉण्ड बुडतात, 768 ओळींत दोहोंपैकी एकच बुडतो आणि उरलेल्या 9,216 ओळींत काहीच होत नाही.

सुट्या बॉण्डचा 95% व्हीएआर शून्य, हे वर आलंच. दोन्हींची बेरीजही शून्य. पण एकत्र पोतडीत 784 ओळी तोट्याच्या आहेत, म्हणजे 7.84 टक्के. ते 5 टक्क्यांच्या पुढे गेलं, म्हणून पोतडीचा व्हीएआर झाला 1 लाख. शून्य अधिक शून्य बरोबर एक लाख! तेच 2 लाख एकाच बॉण्डात घातले तर व्हीएआर पुन्हा शून्य.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथवर गणित बरोबर केलं आणि मग पट्टीवर संशय घेण्याऐवजी विभागणीवर घेतला. आता पैसे कुठे बुडतात ते बघा. एकाच बॉण्डात 2 लाख ठेवले तर सगळे 2 लाख जाण्याची शक्यता 4 टक्के, म्हणजे 400 ओळी. विभागले तर सगळे जाण्याची शक्यता 0.16 टक्के, फक्त 16 ओळी. 400 च्या जागी 16, आणि पट्टी म्हणते पहिली गुंतवणूक बरी.

एकत्र केलेल्या गुंतवणुकीची जोखीम सुट्या जोखमींच्या बेरजेहून जास्त भरता कामा नये, या अटीला सबॲडिटिव्हिटी म्हणतात. 1999 मध्ये आर्ट्झनर, डेल्बेन, एबर आणि हीथ या चौघांनी ‘मॅथेमॅटिकल फायनान्स’ या नियतकालिकात शहाण्या मोजमापाच्या चार अटी घातल्या, त्यातली ही एक. ती मोडली तर काय होतं, हे कारकुनी नजरेने बघितलं तरी कळतं: एखाद्या खात्याने आपली पोतडी फोडून दोन नावांवर दाखवली की जोखीम कागदावरून गायब. माल तोच, धनी तोच. व्हीएआर या अटीत नापास होतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं. पंचवीस वर्षं उलटून गेली आणि मामाच्या फोनवर अजून हे फिरतंय.

व्हीएआर नापास का होतो, तर तो रांगेतली एकच ओळ वाचतो. ओळी वाईटाकडून चांगल्याकडे लावा आणि पाचशे ओळी सोडून जी येईल ती वाचा, झाला व्हीएआर. सुट्या बॉण्डच्या 400 वाईट ओळी त्या खुणेच्या अलीकडेच संपतात, म्हणून दिसत नाहीत. दोघांच्या मिळून 784 झाल्या की रांग खुणेवरून पलीकडे सरकते आणि अचानक लाख दिसतो. धोका वाढलेला नसतो, नजरेच्या टप्प्यात आलेला असतो.

एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल त्या खुणेवर थांबत नाही. तो सर्वांत वाईट पाचशे ओळी घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. सुट्या बॉण्डच्या पाचशेतल्या 400 ओळींत लाख आणि 100 ओळींत शून्य, म्हणून सरासरी 80,000. दोघांची बेरीज 1,60,000. एकत्र पोतडीत वाईट पाचशे म्हणजे 2 लाखांच्या 16 ओळी आणि 1 लाखाच्या 484 ओळी. एकूण 516 लाख, भागिले 500, म्हणजे 1,03,200. विभागणीचा फायदा 56,800 रुपये, आकड्यात स्वच्छ दिसतो.

हे या उदाहरणापुरतं जमलंय असं कोणी म्हणेल, म्हणून कारणही सांगते. त्याला मोठं गणित लागत नाही. एकत्र पोतडीच्या सर्वांत वाईट पाचशे ओळी निवडा. त्या ओळींवरचा तोटा म्हणजे त्याच ओळींवरचा पहिल्या बॉण्डचा तोटा अधिक दुसऱ्याचा. पण पहिल्याला स्वतःच्या मनाने पाचशे ओळी निवडू दिल्या, तर तो याहून वाईट किंवा फार तर इतक्याच वाईट निवडेल. दुसऱ्याचंही तसंच. म्हणून एकत्र सरासरी सुट्या सरासरींच्या बेरजेला ओलांडूच शकत नाही. बॉण्ड असो, शेअर असो, परस्परसंबंध कसाही असो, हा युक्तिवाद तुटत नाही. व्हीएआरसाठी असा युक्तिवाद उभाच राहत नाही, कारण तिथे सरासरी नाही, एकच ओळ आहे.

इथे आमच्याच धंद्यातल्या लोकांची एक चूक सांगितली पाहिजे. शीटवर शॉर्टफॉल काढताना बरेच जण «व्हीएआरएवढ्या किंवा त्याहून मोठ्या तोट्यांची सरासरी» असं सूत्र लावतात:

```
=AVERAGEIF(B2:B10001,">="&D1)
```

`D1` मध्ये व्हीएआर. सुट्या बॉण्डचा व्हीएआर शून्य, म्हणून «शून्य किंवा जास्त» यात दहाच्या दहा हजार ओळी आल्या आणि उत्तर निघालं 4,000. दोघांचे मिळून 8,000. एकत्र पोतडीत मात्र 784 ओळींची सरासरी येते, साधारण 1,02,041. म्हणजे दुरुस्ती करायला गेलात आणि तोच रोग परत घेऊन आलात. तोटे गुळगुळीत पसरलेले असतील तर दोन्ही व्याख्या एकच उत्तर देतात; बॉण्डासारखे एकदम उडी मारणारे असतील तर नाही. अचेर्बी आणि टाशे यांनी 2002 मध्ये हा घोळ निस्तरला: ओळी मोजून बरोबर 5 टक्केच घ्यायच्या, खुणेवर एकसारख्या ओळींचा ढीग असेल तर त्यातल्या लागतील तेवढ्याच. आपलं सूत्र बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे हाच 4 टक्क्यांचा बॉण्ड. उत्तर 80,000 आलं नाही तर सूत्र चुकलं.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. तोटे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणासारखे असतील, तर 97.5% शॉर्टफॉल प्रमाण विचलनाच्या 2.338 पट येतो आणि 99% व्हीएआर 2.326 पट. जवळजवळ तोच आकडा. बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम आखणाऱ्या बासल समितीने बाजार जोखमीच्या 2016 च्या नियमांत 99% व्हीएआर काढून 97.5% शॉर्टफॉल बसवला, तेव्हा अनेकांना वाटलं की नुसती पाटी बदलली. आणि नॉर्मल जगात व्हीएआर सबॲडिटिव्हही असतो, हेही खरं. पण मामाचा बॉण्ड त्या जगात राहत नाही. तो वर्षानुवर्षं व्याज देतो आणि एके दिवशी मुद्दल घेऊन बसतो. ऑप्शन विकून रोज थोडे थोडे कमावणाऱ्यांचंही असंच.

"मग 99% व्हीएआर घे ना," असं मामा फोनवर म्हणाला. घेतला. 4 टक्क्यांच्या बॉण्डाचं भोक तिथे बुजतं खरं. पण आता 0.8 टक्के शक्यतेचे दोन बॉण्ड आणा: सुटे शून्य, एकत्र 1.59 टक्के, व्हीएआर पुन्हा 1 लाख. टक्का वर नेला की भोक बुजत नाही, पुढे सरकतं.

चौथा मुद्दा. 2011 मध्ये संख्याशास्त्रज्ञ ग्नाइटिंग यांनी दाखवलं की शॉर्टफॉलच्या दोन अंदाजांतला कोणता सरस, हे ठरवणारी गुणपद्धत एकट्या शॉर्टफॉलसाठी बनवता येत नाही. त्याचा अर्थ पडताळणी अशक्य असा नाही. व्हीएआर आणि शॉर्टफॉल जोडीने घेतले तर तशी पद्धत असते. तरी पडताळणी अवघड आहे हे कबूल. वर्षाचे अडीचशे दिवस घेतले तर 97.5 टक्क्यांपलीकडे जेमतेम सहा दिवस उरतात, आणि त्यातला एक वाईट दिवस आत-बाहेर झाला की सरासरी डुलते. बासलच्या नियमांतही पडताळणी व्हीएआरवरच चालते. पडताळायला व्हीएआर ठेवा, माझी हरकत नाही. पैसे कुठे ठेवायचे ते मात्र त्याला विचारू नका.

एक गोष्ट राहिली. वरचं सगळं गणित दोन बॉण्डांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून केलंय. दोन्ही एकदमच बुडणारे असतील, तर पोतडीचा शॉर्टफॉल 1,60,000 येतो, विभागणीचा फायदा शून्य. व्हीएआर मात्र इथे शून्य दाखवतो, वेगळ्या बॉण्डांना दाखवलेल्या लाखापेक्षा चांगला! म्हणून मामाला विचारलं, दुसरा जो बॉण्ड बघून ठेवलायस तो कोणाचा. त्याने ॲप उघडून नाव वाचलं. पहिल्याच कंपनीची उपकंपनी निघाली.