‘प्लीज’ कुठं लावायचं आणि कुठं नाही

ऑक्टोबर लागला, ताडोबाचा कोअर उघडला, आणि आमच्या बफरमधल्या गावात पुन्हा पाट्या रंगायला लागल्या. जिथं तिथं होमस्टे झालेत. कुणाच्या दोन खोल्या, कुणाच्या चार. पाहुणे पुण्याचे, बंगळुरूचे, अधूनमधून परदेशातले. त्यामुळे खोलीत टांगायचा नियमांचा कागद मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लागतो. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून हे कागद माझ्याकडं येतात. सांगतो, शब्द बहुतेकदा बरोबर असतात, स्पेलिंगही ठीक असतं. बिघडलेला असतो तो सूर. जिथं दटावायला हवं तिथं आर्जव, आणि जिथं आर्जव हवं तिथं दटावणी.

त्याचं कारण आपल्या क्रियापदात आहे. मराठीत आज्ञेचा मान क्रियापदाच्या शेपटातच बसलेला असतो. आमच्या शेजारच्या काकू एका सकाळी एकाच नळाबद्दल काय काय बोलतात ते ऐका. नातवाला, ‘नळ बंद कर बे!’ दुधवाल्याला, ‘नळ तेवढा बंद करा जी.’ कॉलेजात निघालेल्या पोरीला, ‘येताना टाकीचा नळ पाहून येजो वं.’ आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं, ‘पाणी भरून झाल्यावर नळ बंद करावा.’ काम तेच, पण चार वेगळी नाती.

यातला ‘येजो’ आपल्याकडचा खास. अनेकवचनात किंवा मानानं बोलायचं तर ‘येजा’. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे तुझ्या सवडीनं, वेळ आली की. हुकूम आहे, पण घाई नाही, आणि घाई काढली की अर्धा कडकपणा आपोआप जातो. ‘जेवून जाजा’ म्हणणारा माणूस आग्रह करतो, पण हात धरून बसवत नाही. पुण्याकडचे लोक यासाठी ‘येशील’ किंवा ‘येत जा’ वापरतात, पण त्यात ही चव नाही. (हे मी भांडायला तयार असलेलं मत आहे.)

आणि ‘करावा’चं वेगळंच. शाळेत आपण आज्ञार्थ आणि विध्यर्थ घोकले, पण त्यांचा पाटीवरचा फरक कुणी सांगितला नाही. ‘करा’ म्हणताना समोर ‘तुम्ही’ उभे असता. ‘करावा’ म्हणताना समोर कुणीच नसतं. क्रियापद नळाकडं बघतं, दिव्यांकडं बघतं: नळ बंद करावा, दिवे बंद करावेत, चप्पल बाहेर काढावी. माणसाला नाव घेऊन टोकलेलं नाही, म्हणून ते सभ्य वाटतं. ‘नको, नका, नये’ यातल्या ‘नये’चंही तेच. ‘थुंकू नका’ मला सांगितल्यासारखं वाटतं, ‘थुंकू नये’ साऱ्या गावाला.

आता इंग्रजीकडं या. तिथं ‘क्लोज’ म्हणजे कर, करा आणि करजो, तिन्ही. शेपूट एकच. त्यामुळे आपल्याला वाटतं की नुसतं ‘क्लोज द टॅप’ म्हणजे ‘कर बे’, आणि मग मान राखायला आपण प्रत्येक ओळीला ‘प्लीज’ नाहीतर ‘काइंडली’ चिकटवतो. इथंच गाडी रुळावरून उतरते. सूचनेतलं नुसतं इंग्रजी क्रियापद उद्धट नसतंच. औषधाच्या डब्यावर, मोटारपंपाच्या पुस्तिकेत, पाककृतीत ते आपल्या ‘करा’च्या पायरीवर असतं. उलट दर ओळीला प्लीज लागलं तर वाचणारा वैतागतो. गुगल आपल्या तांत्रिक लेखकांना सांगतं की सूचनांमध्ये प्लीज घालू नका. मायक्रोसॉफ्टच्या लेखन-नियमांतही ते जपून वापरायला सांगितलंय, म्हणजे वाचणाऱ्याला गैरसोय सोसायला लावत असाल तेव्हा.

मी पोरांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे काम केल्यानं भलं कुणाचं? वाचणाऱ्याचं असेल तर नुसतं क्रियापद. आपलं असेल, म्हणजे आपण त्याच्याकडून काही मागत असू, तर प्लीज. आणि जिवाचा धोका असेल तर प्लीज अजिबात नाही, कारण प्लीज म्हटलं की समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वाट उघडी राहते.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या भाऊचा कागद आला. त्याच्या पोरानं दुसऱ्या हॉटेलांच्या पाट्या पाहून इंग्रजी केलं होतं. पोरगं हुशार आहे, पण कागद वाचताना मलाच रागावल्यासारखं वाटत होतं.

पहिली ओळ: ‘गीझर वापरून झाल्यावर बंद करावा.’ त्याचं इंग्रजी, ‘यू शुड स्विच ऑफ द गीझर’. ‘करावा’ला ‘शुड’ हे शाळेतलं समीकरण. पण ‘करावा’त माणूस दिसत नाही, आणि ‘यू शुड’मध्ये पहिलाच शब्द ‘तुम्ही’. बोट थेट पाहुण्याकडं! ऐकणाऱ्याला वाटतं, आपण काल बंद केला नव्हता म्हणून हे सुनावतायत. वीजबिल भाऊचं, मागणी भाऊची. म्हणून ‘प्लीज स्विच ऑफ द गीझर आफ्टर यूज’. इथं प्लीज बरोब्बर बसतं.

दुसरी ओळ: ‘अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जाऊ नये.’ पोरानं लिहिलं होतं, ‘काइंडली डोन्ट गो आउटसाइड इन नाइट’. राज्या, कुंपणाच्या पलीकडं नाला आहे, आणि नाल्यात वाघाचे पगमार्क गावातली शाळकरी पोरंही ओळखतात! इथं ‘काइंडली’ म्हणजे ‘मनात आलं तर ऐका’. मी केलं: ‘डू नॉट गो बियॉन्ड द फेन्स आफ्टर डार्क. टायगर्स अँड लेपर्ड्स मूव्ह हिअर अॅट नाइट.’ ‘डोन्ट’ नाही, ‘डू नॉट’ पूर्ण, कारण तोडलेलं रूप बोलण्यातलं आहे आणि नीट वाचलं नाही तर ‘नॉट’ निसटतं. आणि दुसरं वाक्य बघा. इंग्रजी पाटीवरची सभ्यता बऱ्याचदा या कारणात असते. कारण सांगितलं म्हणजे समोरच्याला शहाणा मानलं. मराठीत ‘जाऊ नये’ एवढ्यात आदर आला, म्हणून आपण कारण लिहीत नाही. इंग्रजीत लिहावं.

तिसरी: ‘सफारीला मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे.’ बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलं तेच गेटवर दाखवावं लागतं, नाहीतर पहाटे उठूनही परत यायचं. पोरानं ‘यू आर काइंडली रिक्वेस्टेड टु कॅरी’ असं लांबण लावलं होतं. यात भाऊचा काही फायदा नाही, तोटा सगळा पाहुण्याचा. ‘ब्रिंग द ओरिजिनल आयडी यू बुक्ड विथ.’ संपलं. उद्धट? नाही. मित्र असंच सांगतो.

चौथी ओळ मला आवडली, कारण भाऊनं मराठीत लिहिलं होतं: ‘जेवायचं चार वाजेपर्यंत सांगजा.’ छापील कागदावर ‘सांगजा’! पोरगं म्हणे, बाबा, हे गावठी दिसते, ‘कळवावे’ करू. मी म्हटलं, मराठी तसंच राहू दे. पुण्याच्या पाहुण्यालाही कळतं, आणि त्यात स्वयंपाकघराचा आवाज आहे. इंग्रजीत त्या सुराला रूप नाही, म्हणून वाक्याची घडण बदलावी लागते: ‘इफ यू वुड लाइक डिनर, टेल अस बाय फोर.’ ‘इफ’मुळे मर्जी पाहुण्याची राहिली, वेळ आपली राहिली. पोराचं ‘डिनर मस्ट बी इन्फॉर्म्ड’ मी वाचून दाखवलं तर भाऊच हसला. जेवणालाच कुणीतरी कळवायचं असं झालं होतं ते.

‘काइंडली’बद्दल एवढंच सांगतो. आपल्या कचेऱ्यांत ते अजून धडधाकट आहे आणि आपसात चालतंही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ते जुनाट वाटतं, कधी कधी दात आवळून बोलल्यासारखं. ‘आर रिक्वेस्टेड टु’ मात्र रेल्वे स्टेशनवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर ठीक. तिथं ते आपल्या ‘ही विनंती’च्या जोडीचं आहे. घरच्या खोलीत ते म्हणजे पायजम्यावर टाय. आणि ‘नो स्मोकिंग’ला घाबरू नका. त्यात ‘नो’ असलं तरी कुणाला उद्देशून नाही, म्हणून ते ‘ओढू नये’च्या जवळचं आहे. ‘स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ म्हणजे ‘सक्त मनाई’, ते जिथं खरंच दंड आहे तिथंच ठेवा. चपलांसाठी सक्त मनाई लिहिलेली मी पाहिली आहे.

ही झाली पाहुण्यांची गोष्ट. मला जास्त सतावतं ते उलट्या दिशेचं भाषांतर. कीटकनाशकाच्या डब्यावर इंग्रजीत ‘वेअर ग्लव्हज’ असतं. सरळ, नुसतं क्रियापद. सोबतच्या मराठी पत्रकांत मी बऱ्याचदा वाचतो ते, ‘हातमोजे वापरावेत’, ‘फवारणीच्या वेळी धूम्रपान करू नये’. मराठी शुद्ध, भारदस्त, पण पायरी चुकली. धोक्याच्या हुकुमाचा सल्ला झाला. आणि ‘वापरावेत’ कुणी? डबा आणतो मालक, फवारतो रोजंदारीचा गडी. ज्या रूपात माणूस दिसत नाही ते रूप इथं दोघांनाही सोडून देतं. मालक म्हणतो गड्यानं वापरावेत, गडी म्हणतो मालकानं द्यावेत. गीझरच्या पाटीवर जो गुण होता तो इथं दोष होतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण कुणी विसरलेलो नाही. त्याला कारणं अनेक होती, व्याकरणाच्या माथी मी ते मारत नाही. पण डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ ‘अत्यंत विषारी’ असेल, तर त्याच्याखालचं क्रियापदही लाल असावं. यासाठी गावातल्या कृषी केंद्रात लावायला मी एक पाटी लिहून दिली:

मालक, गड्याला हातमोजे आणि मास्क द्या.
भाऊ, ते घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.
वाऱ्याकडं तोंड करून फवारू नका.
हात धुतल्याशिवाय तंबाखू खाऊ नका.
डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा, डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

डबा सोबत कशाला? तर कोणतं विष आहे ते कळलं की डॉक्टरला उपचार ठरवता येतो. सगळ्या ओळींत ‘द्या, नका, धुवा, जा’. पहिल्या ओळीत मालक, दुसरीत गडी, दोघांना हाक मारून. मान आहे, ‘तुम्ही’चाच आहे, पण पळवाट नाही.

दुकानदारानं पाटी पाहिली आणि म्हणाला, गुरुजी, वरतून ‘कृपया’ टाकू का, बरं दिसते. मी म्हटलं, टाका जी, पण ते तुमच्या उधारीच्या पाटीवर.