ऊन, खोबरेल आणि योगा मॅट

मे महिन्यात ठाण्यात सकाळी सहा वाजता घाम यायला व्यायामाची गरज लागत नाही, जागं होणं पुरतं. आमचा योगवर्ग सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरतो. तिथे पंखे दोन, आणि दोन्ही सरांच्या डोक्यावर.

अधोमुख श्वानासनात सर म्हणतात, "तळव्यांनी जमीन पुढे ढकला." मी ढकलतो. जमीन जागच्या जागी राहते, तळवे पुढे निघतात आणि थोड्याच वेळात माझा साष्टांग नमस्कार झालेला असतो. "खांदे आखडलेत तुमचे," सर म्हणतात. खांद्यांचा यात काही संबंध नाही. घात मॅट करते.

माझी मॅट फोमची, दहा मिलिमीटर जाड. दुकानदाराने ती दोन बोटांनी दाबून दाखवली होती, "गुडघ्यांना बघा काय आराम!" गुडघ्यांपुरतं तो खरं बोलला. वजनही किलोच्या आत. पण या फोममधला हवेचा प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद असतो. घामाला आत शिरायला वाट नाही, म्हणून तो वरच पसरतो आणि तळवा मॅटवर न टेकता पाण्याच्या पातळ थरावर टेकतो. वृक्षासनात तर घोटा त्या मऊपणात असा डगमगतो, की वृक्ष कायम वादळात सापडलेला.

बायकोची टीपीई मॅट, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमरची, सहा मिलिमीटर, साधारण किलोभर. तिचेही बुडबुडे बंदच, पण ती फोमइतकी दबत नाही आणि पृष्ठभाग खरबरीत, त्यामुळे हलक्या घामापर्यंत निभावते. बायकोला घाम हलकाच येतो. माझ्या घामापुढे तिच्या मॅटनेही हात टेकले, आणि अर्थात माझे सरकले.

मग शेजारच्या काकू लेकीकडे नाशिकला गेल्या आणि त्यांची नैसर्गिक रबराची मॅट माझ्या हवाली करून गेल्या. पाच मिलिमीटर, वजन अडीच किलोच्या वर. ती घेऊन तिसरा मजला चढलं की अर्धा वर्ग झालाच. पण तिच्यावर श्वानासनात मी हललो नाही. सर दोनदा येऊन बघून गेले.

मी घरी तिन्ही मॅटवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. फोम आणि टीपीईवर तो मोत्यासारखा बसून राहिला. काकूंच्या मॅटवर थोड्या वेळात डाग उरला, थेंब गेला. तिच्या वरच्या थरातली छिद्रं उघडी आहेत. सगळ्या रबरी मॅट अशा नसतात, म्हणून हा थेंब दुकानातच टाकून बघावा. दुकानदाराचं तोंड थोडं वाकडं होईल.

पण प्यायलेला घाम जाणार कुठे? मॅट ओली गुंडाळली तर पावसाळ्यात तिला असा वास येतो, की मुलं लांबून वळसा घालतात. म्हणून ती वाळवायला हवी. आमच्या आईने ती काळजीने वाळवली: भर उन्हात, कुरडयांच्या शेजारी.

मी धावत बाल्कनीत गेलो. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळ्यांत जे दुहेरी बंध असतात, त्यांवर ऊन आणि हवेतला ओझोन घाव घालतात. आधी वरचा थर कडक होतो, मग घडीवर बारीक भेगा पडतात आणि शेवटी भुगा निघू लागतो. ओळखायचं कसं? कडा दुमडून उजेडात धरायची. मी चारी कडा धरल्या. भेगा नव्हत्या. आई म्हणाली, "एवढं काय, हिऱ्याची आहे का?" तिला किंमत सांगितली. मग तीही एक कडा बघायला आली.

दुसरा शत्रू खोबरेल. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, चिकट आणि लिबलिबीत होतं. त्यात आमचे बाबा रोज सकाळी मालिश करून शवासनासाठी मोकळी जागा शोधत फिरतात! काकू परत येईपर्यंत मॅट ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली, माझ्या खोलीत, कडी लावून.

आता मी रबराचीच घेतली आहे. ऊन आणि तेल टाळलं तर ती काही वर्षं साथ देते. बायको टीपीईवरच आहे, कारण तिला ती खांद्यावर टाकून लोकलने मुलुंडला जायचं असतं. दोन-एक वर्षं ती मॅट आरामात टिकावी. फक्त नखं जपायची आणि उन्हात तापलेल्या गाडीत ती सोडायची नाही, कारण टीपीई उष्णतेने मऊ पडतं आणि मॅट वेडीवाकडी होते.

फोमच्या मॅटवर टाचांच्या जागी वर्षाच्या आत खळगे पडले. दबलेले बुडबुडे परत फुगत नाहीत. पण तो फोम नायट्राइल रबराचा आहे, आणि यंत्रांची तेलाची सीलं याच रबराची करतात. खोबरेलाचं त्याला काही वाटत नाही. बाबांना मी ती मॅट दिली आहे. ते खळग्यात टाचा नीट बसवून आडवे होतात आणि म्हणतात, "मापाची शिवून आणलीस की रे."